ज्येष्ठांचे वजन आपोआप घटू लागले तर : मोजमाप, नोंद आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीचे कपडे सैल दिसू लागले की घरात बहुधा दोनपैकी एक प्रतिक्रिया उमटते. ती व्यक्ती आधी स्थूल असेल तर अंग हलके झाले म्हणून समाधान वाटते, आणि आधीच सडपातळ असेल तर वयाप्रमाणे एवढे व्हायचेच असे म्हणून विषय मिटतो. या दोन्ही प्रतिक्रियांमध्ये महत्त्वाचे महिने निघून जातात. वयामुळे वजन घटते हे खरे असले तरी ती घट फार सावकाश होते. निरोगी व्यक्तीचे वजन सत्तरीनंतर साधारणपणे वर्षाला १०० ते २०० ग्रॅम इतकेच उतरते. सहा-आठ महिन्यांत तीन-चार किलो वजन गेले असेल, आणि खाणे कमी करण्याचा किंवा व्यायाम वाढवण्याचा निर्णय कोणी घेतलेला नसेल, तर त्याला केवळ वय हे उत्तर पुरत नाही.

उतारवयात अशा वेळी चरबीबरोबर स्नायूही मोठ्या प्रमाणात जातात, म्हणून ही घट अधिक गंभीर मानली जाते. स्नायू गेले की खुर्चीतून उठणे जड जाते, तोल जातो, पडण्याची आणि हाड मोडण्याची शक्यता वाढते, जखमा लवकर भरत नाहीत आणि साध्या संसर्गातून सावरायलाही वेळ लागतो. पुढे वजन परत आले तरी गेलेले स्नायू त्याच प्रमाणात परत येत नाहीत. त्यामुळे मूळची स्थूल व्यक्ती आपोआप बारीक होऊ लागली तर ते लाभाचे लक्षण समजू नये. माझ्या मते सर्वाधिक उशीर याच व्यक्तींच्या बाबतीत होतो, कारण त्या आजारी दिसतच नाहीत.

घरातील ज्या माणसाच्या हे पहिल्यांदा लक्षात आले आहे आणि आता नेमके काय करावे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी पुढील पायऱ्या आहेत. त्या समजायला सोप्या जाव्यात म्हणून एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. ७४ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब आहे, ते एकटे राहतात आणि मुलगी आठवड्यातून दोनदा येऊन जाते. पट्ट्याला नवे छिद्र पाडलेले मुलीला दिसते. विचारल्यावर वडील म्हणतात, "मी अगदी ठीक आहे, दोन वेळा जेवतो."

पहिली पायरी : घट खरोखर झाली आहे का, हे ठरवा

वजन घटल्याची तक्रार आणि वजन घटल्याचा पुरावा या वेगळ्या गोष्टी आहेत. तक्रार घेऊन येणाऱ्या पुष्कळ लोकांचे वजन मोजल्यावर जवळपास पूर्वीइतकेच निघते, आणि उलट ज्यांचे वजन खरोखर उतरले आहे अशा काहींना त्याची जाणीवही नसते. म्हणून आधी काटा हवा.

वजन सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी आणि हलक्या कपड्यांत करावे. काटा कडक, सपाट जमिनीवर ठेवावा, कारण गालिच्यावर किंवा सतरंजीवर ठेवलेला काटा चुकीचा आकडा दाखवतो. प्रत्येक वेळी काटा एकच असावा. पाणी, जेवण आणि शौच यांमुळे शरीराचे वजन एका दिवसात एखाद-दोन किलोने सहज वरखाली होते. त्यामुळे रोज वजन करून घाबरण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी वजन करून तारखेसह लिहून ठेवणे अधिक उपयोगाचे. तोल न सांभाळणाऱ्या व्यक्तीला एकटे काट्यावर उभे करू नये. खुर्चीचा काटा असलेल्या दवाखान्यात वजन करून घ्यावे.

जुने वजन शोधणे हे या पायरीतील खरे काम आहे. ते जुन्या औषधचिठ्ठीवर, शस्त्रक्रियेच्या किंवा दाखल झाल्याच्या कागदपत्रांवर, आरोग्य तपासणीच्या अहवालात सापडते. तसे काहीच न मिळाल्यास अप्रत्यक्ष खुणांचा आधार घ्यावा लागतो. पट्ट्याचे छिद्र बदलले का, अंगठी फिरू लागली का, कवळी सैल झाली का, वर्षभरापूर्वीच्या छायाचित्रात गाल आणि गळा कसा दिसतो, हे पाहावे आणि क्वचित भेटणाऱ्या नातेवाइकाला व्यक्ती कशी वाटते हेही विचारावे. रोज पाहणाऱ्याच्या नजरेला सावकाश होणारा बदल टिपता येत नाही, म्हणून दुरून आलेल्या माणसाच्या मताला येथे वजन आहे.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचे वजन करता येत नसेल तर पोटरीचा घेर मोजावा. गुडघा काटकोनात वाकवून, साध्या मोजपट्टीने, पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती मोजमाप घ्यावे आणि पट्टी आवळू नये. हा घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पोषण आणि स्नायू कमी पडत असल्याची ती खूण धरली जाते. पायांवर सूज असेल तर मात्र हे माप फसवे ठरते.

सूज वजनाच्या आकड्यालाही फसवते. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारात अंगात पाणी साठते. अशा व्यक्तीचे मांस झडत असतानाही काट्यावरचा आकडा तोच राहू शकतो. याच्या उलट, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांत दोन किलो उतरले तर ते बहुतेक पाणीच असते. म्हणून पावलांवर किंवा घोट्यांवर सूज आहे का, हे वजनाशेजारी लिहावे.

आपल्या उदाहरणात मुलीला सात महिन्यांपूर्वीचा तपासणीचा कागद सापडतो. त्यावर वजन ६८ किलो आहे. घरच्या काट्यावर आज ते ६३.२ किलो भरते.

दुसरी पायरी : किलो नको, टक्के काढा

चार किलो घट ही ८० किलोच्या व्यक्तीसाठी एक गोष्ट आहे आणि ४५ किलोच्या व्यक्तीसाठी वेगळीच. म्हणून घटलेले वजन मूळ वजनाच्या किती टक्के आहे, हे पाहावे. हिशेब सोपा आहे : जुन्या वजनातून आजचे वजन वजा करावे, उरलेल्या आकड्याला जुन्या वजनाने भागावे आणि १०० ने गुणावे. सहा ते बारा महिन्यांत ५ टक्के किंवा त्याहून अधिक घट झाली असेल आणि ती ठरवून केलेली नसेल, तर तपासणी हवी, ही डॉक्टरांमध्ये सर्वसाधारणपणे मान्य असलेली रेषा आहे. ६० किलोच्या व्यक्तीसाठी ती ३ किलोवर येते, आणि ४५ किलोच्या व्यक्तीसाठी सव्वादोन किलोवरच.

उदाहरणातील गृहस्थांची घट ४.८ किलो, म्हणजे ७ टक्के भरते. येथे प्रामाणिकपणे एक शंका घ्यायला हवी. जुने वजन दवाखान्यात, दुसऱ्या काट्यावर, पूर्ण कपडे आणि बूट घालून केलेले असणार. त्यासाठी एक किलो सोडून दिला तरी ६७ वरून ६३.२, म्हणजे ३.८ किलो आणि ५.७ टक्के घट उरते. शंकेचा सगळा फायदा देऊनही आकडा रेषेच्या पलीकडेच राहतो, तेव्हा आणखी वाट पाहण्यात अर्थ नाही.

वेगही पाहावा. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही तीव्र समजली जाते, मग इतर काही त्रास असो वा नसो. घट ५ टक्क्यांहून कमी असेल तर दर आठवड्याची नोंद ठेवून महिनाभराने पुन्हा हिशेब करता येतो. पण मुळातच कृश असलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीसाठी ही सवलत घेऊ नये, कारण तिच्याजवळ गमावण्यासारखे फारसे उरलेले नसते.

तिसरी पायरी : भुकेविषयी योग्य प्रश्न विचारा

कारणांची यादी इतकी लांब आहे की ती पाठ करून काही साधत नाही. त्यापेक्षा एका प्रश्नाने वाट लवकर निवडता येते : व्यक्ती पुरेसे खात असूनही वजन घटते आहे का, खाण्याची इच्छाच मेली आहे का, की खावेसे वाटते पण खाणे होत नाही? या तीन परिस्थिती बाहेरून सारख्या दिसतात, मात्र त्यांची मुळे बहुधा वेगळी असतात.

पुरेसे खाऊनही वजन घटत असेल तर अनियंत्रित मधुमेह आणि थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक ही दोन कारणे प्रथम आठवावीत. मधुमेहात तहान आणि लघवी वाढते. थायरॉइडच्या बाबतीत मात्र उतारवय चकवा देते. तरुणपणी या आजारात हात थरथरतात, घाम येतो, जीव घाबरा होतो. वृद्ध व्यक्ती याउलट मरगळलेली, गप्प आणि थकलेली दिसू शकते आणि सोबत केवळ वजनाची घट किंवा अनियमित ठोके एवढेच असते. घरच्यांना ते नैराश्य वाटते. अन्न आतड्यांत नीट शोषले न जाणे हे आणखी एक कारण आहे. त्यात शौचास पातळ, फिकट, तेलकट आणि फार दुर्गंधीयुक्त होते. मधुमेहाचे निदान उतारवयात नव्याने झाले असेल आणि त्याच सुमारास वजनही उतरू लागले असेल, तर हा योग डॉक्टरांना आवर्जून सांगावा, कारण क्वचित त्यामागे स्वादुपिंडाचा आजार असतो.

भूकच गेली असेल तर शक्यतांचा पल्ला मोठा आहे. कर्करोगाची भीती सगळ्यांना आधी वाटते आणि ती अनाठायी नाही, कारण न ठरवता घटलेल्या वजनाच्या कारणांत त्याचा वाटा लक्षणीय आहे. तरी बहुसंख्य लोकांमध्ये कारण दुसरेच निघते. क्षयरोगासारखा रेंगाळणारा संसर्ग, हृदय, फुप्फुसे किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार, जठराचा व्रण, औषधे, आणि फार वेळा नैराश्य. उतारवयातील नैराश्य रडण्यातून दिसेलच असे नाही. गेल्या दोन आठवड्यांत मन बहुतेक दिवस उदास किंवा रिते वाटले का, आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला आहे का, हे दोन प्रश्न शांतपणे, इतर लोक नसताना विचारावेत. दोनपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर ते तितक्याच गांभीर्याने डॉक्टरांना सांगायचे आहे.

तिसऱ्या प्रकाराकडे सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून मी त्यावर थोडे अधिक थांबतो. व्यक्तीला भूक असते, पण दात दुखतात, कवळी घसरते, तोंड कोरडे पडते, घास अडकतो, जेवताना धाप लागते, हाताच्या कंपामुळे चमचा तोंडापर्यंत पोचत नाही, डोळ्यांना ताट नीट दिसत नाही, बाजारात जाणे किंवा स्वयंपाक करणे जमत नाही, किंवा पैसा पुरत नाही. यांतील पुष्कळ गोष्टी सांगायला संकोच वाटतो, म्हणून "मला भूक नाही" हे सोयीचे उत्तर दिले जाते. स्मृतिभ्रंशात तर जेवण झाले की नाही हेच आठवत नाही.

म्हणून विचारण्याबरोबर पाहायलाही हवे. सलग तीन दिवस, शक्य असल्यास त्यांत एक सुट्टीचा दिवस घेऊन, काय वाढले आणि ताटात किती उरले हे लिहावे. "सगळे", "अर्धे", "पाव", "काहीच नाही" एवढे चार शब्द पुरेत. उष्मांक मोजत बसू नये. किमान एका जेवणाला शेजारी बसावे आणि जेवणाला किती वेळ लागतो, कोणते पदार्थ बाजूला सारले जातात, पाणी पिताना खोकला येतो का, जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा होतो का, हे टिपावे. पाणी पिताना खोकला आणि ओलसर आवाज ही गिळण्याच्या क्रियेत दोष असल्याची खूण आहे. अन्न श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो.

उदाहरणातील मुलगी तीन दिवस वडिलांकडे राहते. ते दोन वेळा जेवतात हे खरे निघते. पण दोन्ही वेळा ताट अर्धे परत जाते, चावावे लागणारे सगळे पदार्थ उरतात आणि खालची कवळी बोलतानाही हलते. जेवणाआधी तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते आणि शौचास पातळ होते, हेही ते तेव्हाच पहिल्यांदा सांगतात.

चौथी पायरी : औषधांची तारखांसह यादी करा

घरातील प्रत्येक औषध, डोळ्यांचे थेंब, झोपेची गोळी, दुकानातून स्वतः आणलेल्या गोळ्या, वनौषधी आणि पूरके यांसह, एका कागदावर लिहावे. नाव, मात्रा आणि केव्हा सुरू झाले किंवा मात्रा केव्हा बदलली, असे तीन रकाने करावेत. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण वजन उतरू लागल्याचा काळ आणि औषध बदलल्याचा काळ शेजारी ठेवले की संबंध अनेकदा डोळ्यांना दिसतो.

मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, स्मृतिभ्रंशासाठीचे डोनेपेझिल आणि नैराश्यावरील काही गोळ्या भूक मारू शकतात किंवा मळमळ आणतात. मधुमेहावरील काही नव्या औषधांचा वजन घटवणे हाच एक परिणाम असतो, आणि कृश वृद्धाला तो नको असतो. थायरॉइडच्या गोळीची मात्रा गरजेपेक्षा अधिक झाली तरी वजन उतरते. अनेक औषधांनी तोंड कोरडे पडते, तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होते, आणि दोन्हींमुळे जेवण घटते. तरीही संशय आला म्हणून एकही औषध स्वतःहून बंद करू नये. काही औषधे एकदम थांबवणे हे वजन घटण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते.

आपल्या गृहस्थांच्या यादीत मेटफॉर्मिनची मात्रा पाच महिन्यांपूर्वी दुप्पट झाल्याचे आढळते.

पाचवी पायरी : किती लवकर जायचे, हे ठरवा

काही परिस्थितींत त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी होणे, पाणीही गिळता न येणे, दिवसभर जवळजवळ काहीच न खातापिता लघवी फार कमी होणे, अचानक गोंधळलेपणा किंवा ग्लानी येणे, तहान आणि लघवी खूप वाढून सुस्ती येणे, आणि जगण्याची इच्छा नसल्याचे बोलणे ही ती लक्षणे आहेत. आणखी एक लक्षणसमूह फारसा ठाऊक नसतो : वजन घटण्यासोबत कानशिलाजवळ नवी डोकेदुखी, चावताना जबडा दुखणे किंवा दृष्टीत बिघाड. हा डोक्याच्या रक्तवाहिन्यांच्या दाहाचा आजार असू शकतो. तो सहसा पन्नाशीनंतरच होतो आणि उपचाराला उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

पुढील लक्षणांसाठी काही दिवसांत, फार तर आठवड्याच्या आत भेट घ्यावी. घन पदार्थ अडकणे आणि हळूहळू द्रव पदार्थही अडकू लागणे, शौचातून रक्त जाणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, डोळे पिवळे होणे, दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, थुंकीतून थोडे रक्त, संध्याकाळी येणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, नवी गाठ, सतत उलट्या, किंवा पोटात आणि पाठीत ठाण मांडून बसलेले दुखणे ही ती लक्षणे होत. थुंकीतून जाणारे रक्त अधिक असेल किंवा सोबत धाप लागत असेल, तर त्याच दिवशी जावे. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट झाली असेल तर लक्षण नसले तरी हीच मुदत पाळावी.

केवळ वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले आहे आणि दुसरे काहीच नाही, अशा वेळी घाई करण्याचे कारण नाही. पण दोन-तीन आठवड्यांच्या आत ठरवून भेट घ्यावी आणि ती पुढे ढकलू नये. "काही त्रास होत नाही" हे ढकलण्याचे नेहमीचे कारण असते. वृद्ध शरीरात गंभीर आजारही फार आवाज न करता सुरू होऊ शकतो, आणि कधीकधी वजन हीच त्याची एकमेव खूण असते.

सहावी पायरी : भेटीत काय न्यायचे आणि काय अपेक्षित ठेवायचे

वजनांची नोंद, टक्क्यांचा हिशेब, तीन दिवसांची ताटाची टिपणे, औषधांची यादी आणि जुने अहवाल असे सगळे सोबत न्यावे. सुरुवातीचे वाक्य शक्य तितके नेमके असावे. "हल्ली बारीक झालेत" असे म्हटले की उत्तरात शक्तीची गोळी मिळण्याचा संभव असतो. "सात महिन्यांत न ठरवता ६८ वरून ६३ किलोवर आले आहेत, म्हणजे सुमारे ६ ते ७ टक्के" असे म्हटले की संभाषण योग्य ठिकाणी सुरू होते. व्यक्तीला डॉक्टरांशी काही मिनिटे एकट्याने बोलू द्यावे. मनाच्या अवस्थेविषयी, पैशांविषयी किंवा घरात होणाऱ्या दुर्लक्षाविषयी काही गोष्टी मुलांसमोर बोलता येत नाहीत.

डॉक्टर तोंड, मान, काखा, छाती, पोट आणि गरजेनुसार स्तन व गुदमार्ग तपासतात. प्राथमिक चाचण्यांत सामान्यतः रक्तपेशींची मोजणी, दाह दाखवणारी चाचणी, रक्तातील साखर, मूत्रपिंड आणि यकृताचे कार्य, क्षार आणि कॅल्शियम, थायरॉइड, लघवीची तपासणी, शौचातील न दिसणारे रक्त, छातीचा क्ष-किरण आणि पुष्कळदा पोटाची सोनोग्राफी यांचा समावेश असतो. पुढे दुर्बिणीने तपासणी किंवा सीटी स्कॅन करायचे का, हे या निष्कर्षांवर आणि लक्षणांवर ठरते. सुरुवातीलाच संपूर्ण शरीराचे स्कॅन करून टाकू, असा आग्रह घरच्यांकडून होतो. तो मला योग्य वाटत नाही. खूण नसताना केलेल्या अशा स्कॅनमध्ये निरुपद्रवी डाग आणि गाठी सापडतात, त्यांच्यामागे नव्या चाचण्या लागतात, आणि थकलेल्या व्यक्तीला त्यातून लाभ होण्याऐवजी त्रासच होऊ शकतो.

उदाहरणातील गृहस्थांच्या हिरडीवर कवळी घासल्याचा व्रण दिसतो. येथे थांबण्याचा मोह होतो, पण डॉक्टर थांबत नाहीत, आणि त्याला कारण आहे. सैल कवळीमुळे जेवण घटते हे जितके खरे, तितकेच वजन घटल्यामुळे कवळी सैल होते हेही खरे आहे. पहिले कोणते झाले हे तोंडात पाहून कळत नाही. रक्ततपासणीत थायरॉइड आणि रक्तपेशी ठीक निघतात, क्ष-किरण आणि सोनोग्राफीत काही आढळत नाही, परंतु मूत्रपिंडाचे कार्य पूर्वीपेक्षा मंदावलेले दिसते. मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, त्यामुळे वाढवलेली मात्रा आता त्यांना जास्त होत होती. मळमळ, धातूची चव आणि पातळ शौच यांचा उलगडा होतो. डॉक्टर मात्रा कमी करून साखरेवर लक्ष ठेवतात, दंतवैद्य कवळीचे अस्तर बदलतात. चार आठवड्यांनी वजन ६३.४ वर स्थिर होते आणि तीन महिन्यांनी ६४.९ भरते. उतारवयात कारण एकच असते असे नाही. दोन-तीन लहान कारणे एकत्र येऊन मोठी घट घडवतात, आणि एक सापडले म्हणून बाकीची शोधायची राहून जाऊ नयेत.

तपासणी सुरू असताना घरी काय करावे

दिवसातून दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान वेळा ठेवाव्यात आणि ज्या वेळी भूक सर्वांत चांगली असते, बहुधा सकाळी, तेव्हा सर्वांत पौष्टिक खाणे द्यावे. पोषक पेये जेवणाच्या आधी किंवा जेवणासोबत दिली तर पोट भरून जेवण घटते. ती दोन जेवणांच्या मध्ये द्यावीत. अनेक वर्षांपूर्वी घालून दिलेली पथ्ये, उदाहरणार्थ मीठ, तूप-तेल किंवा साखर यांवरील कडक बंधने, कृश झालेल्या व्यक्तीसाठी थोडी सैल करता येतील का, हे डॉक्टरांना विचारावे. पथ्याचा लाभ दूरच्या वर्षांत मिळायचा असतो आणि उपासमारीची हानी आज होते. भूक वाढवणारी सिरपे स्वतःहून देऊ नयेत. भूक वाढवणाऱ्या काही औषधांनी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा किंवा सुस्ती येऊन पडण्याचा धोका असतो. आणि ज्या व्यक्तीने पाच-सहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लेले नाही, तिला एकदम भरपूर खाऊ घालू नये. अशा वेळी रक्तातील क्षार धोकादायक रीतीने खाली जाऊ शकतात, म्हणून आहार वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू वाढवायचा असतो.

सर्व चाचण्या ठीक आल्या तर

काही लोकांमध्ये, निरनिराळ्या पाहण्यांनुसार जवळजवळ एक चतुर्थांशापर्यंत, पूर्ण तपासणी करूनही कारण सापडत नाही. याचा अर्थ काही दडलेलेच आहे असा नव्हे. शारीरिक तपासणी आणि प्राथमिक चाचण्या सगळ्या निर्दोष असतील तर मागे मोठा आजार निघण्याची शक्यता बरीच कमी होते. पण याचा अर्थ विषय संपला असाही नाही. अशा वेळी तीन ते सहा महिने लक्ष ठेवणे हीच पुढची तपासणी असते, आणि पुढची भेट कोणत्या तारखेला हे दवाखान्यातून निघण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

या काळात आठवड्याचे वजन चालू ठेवावे, महिन्यातून एकदा ताटाची टिपणे पुन्हा करावीत आणि नवे लक्षण दिसल्यास तारखेसह लिहावे. ठरलेल्या तारखेपूर्वीच वजन पुन्हा सलग तीन-चार आठवडे उतरत राहिले, किंवा पाचव्या पायरीतील एखादे लक्षण नव्याने दिसले, तर त्या तारखेची वाट न पाहता नोंदवही घेऊन जावे आणि पहिल्या तपासणीत काय पाहिले गेले नव्हते, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे.